घड्याळ नाही, पण प्रतिज्ञा पाठ आहे ना?

वाचकाचं पत्र

मी ४६ वर्षांची, ठाण्यात राहते, बँकेत नोकरी. दोन महिने झाले, रोज पहाटे उपवनच्या तळ्यावर पळायला जातेय. आमचा चौघींचा ग्रुप आहे, बाकी तिघींच्या मनगटावर हार्ट रेटवालं घड्याळ आहे, त्या सारखं "मी आता झोन टूमध्ये, मी झोन थ्रीमध्ये" करत असतात. माझ्याकडे नाही. २२० वजा वय करून मानेवर बोट ठेवून नाडी मोजून बघितली, पण थांबेपर्यंत आणि मोजेपर्यंत आकडाच बदलतो. मग मी सरळ दम लागेपर्यंत पळते, थांबते, परत पळते. घामाने भिजते, घरी येऊन गळून जाते, तरी तिसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागतेच. बीपीची गोळी चालू आहे. नवरा म्हणतो घड्याळ घेऊन टाक, पण मुलाच्या क्लासची फी तोंडावर आहे. घड्याळ नसेल तर हे सगळं अंदाजपंचेच चालणार का?

— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर

ताई, सगळ्यात आधी एक काम करा, बीपीच्या गोळीची स्ट्रिप घेऊन या आणि मागचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा, कंपनीचं मोठ्या अक्षरातलं नाही, त्याच्याखालचं. ते नाव "लोल"ने संपतंय का बघा. एटेनोलोल, मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, नेबिवोलोल, असं काही. असेल तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. या गोळ्या हृदयाचे ठोके मुद्दाम खाली धरून ठेवतात, व्यायाम करतानासुद्धा. म्हणजे तुम्ही जीव तोडून चढ चढलात तरी घड्याळ दाखवणार ११५ आणि वर सांगणार की मॅडम अजून जोर लावा. तुम्ही जोर लावणार. अशा माणसाला घड्याळाचा झोन फसवतो, त्यासाठी घड्याळ वाईट असायची पण गरज नाही. टेल्मीसार्टन किंवा अॅम्लोडिपिन असेल तर हा घोळ सहसा होत नाही. आणि कुठलीही असो, गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना एवढंच विचारायचं की मी चढावर चालायला लागलेय, चालेल ना.

आता त्या २२० वजा वयाकडे येऊ, कारण मला वाटतं खरी गडबड तिथे आहे. तुम्ही असं धरून चाललाय की मैत्रिणींकडे खरा आकडा आहे आणि तुमच्याकडे अंदाज. उलट आहे हो. घड्याळ ठोके मोजतं, मान्य, पण "झोन" ठरवताना बहुतेक घड्याळं तुमचं वय घेऊन असलाच एखादा वजाबाकीचा फॉर्म्युला लावतात, तुम्ही वेगळं काही भरलं नसेल तर. तुमचं वय ४६, म्हणजे जास्तीत जास्त ठोके १७४. पण हा सरासरीचा आकडा आहे, ४६ वर्षांच्या शंभर बायका उभ्या केल्या तर कुणाचे खरे जास्तीत जास्त ठोके १५५ निघतील, कुणाचे १९४, आणि दोघीही एकदम ठणठणीत. झोन म्हणजे या जास्तीत जास्त ठोक्यांचे टक्केच, आता ७० टक्के काढून बघा. पहिलीचे होतात १०८ च्या आसपास आणि दुसरीचे १३६. एवढा फरक म्हणजे एकीचं आरामात फिरणं आणि दुसरीचं फेफे उडणं. दोघींच्या मनगटावर झोनचा रंग मात्र एकच.

आणि घड्याळ ठोके तरी नेहमी बरोबर मोजतं असं नाही. मी मागे एकदा भावाचं घड्याळ घालून तलावपाळीला फिरायला गेले होते (कुठल्या कंपनीचं ते जाऊ दे), नुसती चालतेय, भेळवाल्याशी बोलतेय, आणि घड्याळावर १६४. घाबरून बसलेच कट्ट्यावर. नंतर कळलं की पट्टा ढिला असला की घड्याळाच्या आतला हिरवा लाईट रक्ताऐवजी हाताच्या हलण्याचा ताल पकडतो, आणि भरभर चालणाऱ्याची पावलं मिनिटाला शंभर-सव्वाशे, पळणाऱ्याची एकशे साठच्या वर असतात, माझ्यासारखं हात जोरात हलवणाऱ्याचं तर काय विचारता. तेव्हापासून मी ते घड्याळ त्याला परत केलं ते केलंच. नाडी बोटाने मोजायची तर तुम्ही स्वतःच अनुभव घेतलाय, थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरतात, आणि दहा सेकंद मोजून सहाने गुणायचं म्हटलं की एक ठोका इकडेतिकडे झाला की उत्तर सहाने चुकलं.

मग करायचं काय? बोलायचं. शब्दशः, तोंडाने मोठ्याने बोलायचं.

याला टॉक टेस्ट म्हणतात आणि हा काही घरगुती जुगाड नाहीये. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉसच्या शाखेत कार्ल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय, लोकांना ट्रेडमिलवर चढवून तोंडाला मास्क लावून श्वास मोजले आणि सोबत त्यांना एक ठरलेला उतारा मोठ्याने म्हणायला लावला. कुठला उतारा माहितीये? त्यांची शाळेतली प्रतिज्ञा, ३१ शब्दांची, कारण ती तिकडे सगळ्यांना पाठ असते. आपल्याला काय, आपल्यालाही आहेच की. "भारत माझा देश आहे"पासून "परंपरांचा मला अभिमान आहे"पर्यंत चार वाक्यं, २४ शब्द, पुढचं "त्या परंपरांचा पाईक होण्याची"वालं वाक्य धरलं तर ३७. मला तर ही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरची प्रतिज्ञा या कामाला त्यांच्यापेक्षा भारी वाटते कारण तिच्यात पहिली तीन वाक्यं छोटी आहेत आणि चौथं लांबलचक. छोटी वाक्यं धापा टाकतानाही निघून जातात, चौथ्यात पितळ उघडं पडतं.

हे का चालतं ते थोडं सांगते, कारण कळलं की तुम्ही स्वतःला फसवणार नाही. आपण बोलतो ते फक्त श्वास सोडताना. लांब वाक्य म्हणजे श्वास हळूहळू, लांबवत सोडणं. चालण्याचा जोर वाढत गेला की एका टप्प्यापर्यंत श्वास त्या प्रमाणात वाढतो, काही त्रास नाही. पण एका हद्दीनंतर स्नायूंमध्ये आम्ल साठायला लागतं, रक्त ते सावरायला जातं आणि त्यातून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो बाहेर टाकायला मेंदू श्वास एकदम भरभर करायला लावतो. त्या क्षणी एकीकडे शरीर म्हणतंय पटकन श्वास टाक आणि दुसरीकडे तुम्ही "समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या" म्हणायला तो रोखून धरताय. दोन्ही एकावेळी होत नाही, शब्द मध्येच तुटतो. म्हणजे टॉक टेस्टने तुमची स्वतःची हद्द सापडते, त्या ४६ वर्षांच्या सरासरी बाईची नाही. आणि गोळीने ठोके दाबलेले असले तरी श्वासाचं हे गणित बऱ्यापैकी शाबूत राहतं, म्हणून तर ठोके खाली ठेवणारी गोळी चालू असलेल्यांना मापायला हेच सांगतात.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. आमच्या सोसायटीतल्या एक ५२ वर्षांच्या काकू आहेत, त्यांच्यासोबत मी गेल्या थंडीत उपवनलाच केलं होतं, तेच सांगते, तुम्हाला जागा ओळखीची आहे.

तळ्याकाठचा सपाट भाग धरला. चढ नाही, पायऱ्या नाहीत. पाच मिनिटं रमतगमत. मग दर तीन मिनिटांनी वेग एक पायरी वाढवायचा, आणि प्रत्येक तीन मिनिटांच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात, चालता चालताच, न थांबता, प्रतिज्ञा मोठ्याने. म्हणून झाली की मी एकच प्रश्न विचारायचे, "आरामात बोलता आलं?" उत्तरं तीनच. हो. हो पण. नाही. त्याबरोबर एक आकडा, ० ते १०, शून्य म्हणजे कट्ट्यावर बसलोय, दहा म्हणजे मागे कुत्रा लागलाय आणि आता यापुढे एक पाऊल नाही.

पहिल्या पायरीला काकू भाजी आणायला निघाल्यासारख्या चालत होत्या, हो, आकडा ३. दुसरीला जरा भरभर, हो, ४. तिसरीला ठाणे स्टेशनच्या ब्रिजवर असताना आपली गाडी लागलेली दिसली की आपण जसं चालतो ना, पळत नाही पण कुणाला मध्ये येऊ देत नाही, तसं. प्रतिज्ञा पूर्ण झाली, प्रत्येक वाक्याच्या शेवटी एकेक श्वास घेतला, काकू म्हणाल्या हो, ५. चौथीला हात जोरात हलवून, न पळता जेवढं भरभर चालता येतं तेवढं. पहिली तीन वाक्यं गेली, चौथ्यात "विविधतेने"नंतर श्वास घ्यावा लागला, "परंपरांचा"नंतर परत. मी विचारलं, त्या म्हणाल्या, "हो, म्हणजे येतंय, पण..." बास. हे "पण" आलं ना, तीच हद्द. आकडा त्यांनी सांगितला ६, मग म्हणाल्या साडेसहा लिही. पाचवीला हळू जॉगिंग केलं, "भारत माझा... देश आहे... सारे..." आणि हाताने नको नको केलं. ८.

आता यातून वापरायचं काय, तर चौथी पायरी नाही, तिसरी. "पण"च्या एक पायरी खालची. रोजचं चालणं तिथे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यातलं "मध्यम" ते हे, बोलता येतं पण गाता येत नाही. गाण्याची पण टेस्ट करून बघा, गणपतीची आरती चालीत म्हणता येत असेल आणि सूरही लांबवता येत असेल तर तुम्ही फिरायला आलाय, व्यायामाला नाही, वेग वाढवा.

तुम्ही जे सध्या करताय, दम लागेपर्यंत पळा, थांबा, परत पळा, ते पूर्ण पाचव्या पायरीवरचं आहे. म्हणून गळून जाताय. अर्ध्या तासात खरी हालचाल किती होते मोजलीत का? बहुतेक दहा-बारा मिनिटं पळणं आणि बाकी कमरेवर हात ठेवून उभं राहणं. घामाचं म्हणाल तर ठाण्याच्या हवेत मे महिन्यात भाजी निवडताना पण घाम येतो, त्यावरून काही ठरत नाही.

आकड्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या कारण इथे खूप लोक गोंधळतात. हा आकडा देण्याचा प्रकार आणला तो गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने, १९६० च्या दशकात, आणि त्याची मूळ पट्टी ६ ते २० अशी विचित्र होती, कारण त्याला दहाने गुणलं की साधारण तरुण निरोगी माणसाचे ठोके यावेत असा हिशोब होता, ६ म्हणजे ६०, २० म्हणजे २००. नंतर त्यानेच ० ते १० वाली पट्टी काढली, तिच्यात "मध्यम" म्हणजे ३. आणि व्यायामाच्या अमेरिकन सरकारी सूचनांमध्ये जी ० ते १० वापरतात तिच्यात मध्यम म्हणजे ५-६ आणि जोरदार म्हणजे ७-८. म्हणजे तुमची मैत्रीण म्हणेल मी ३ वर चालते, तुम्ही म्हणाल मी ५ वर, आणि दोघी एकाच जोराने चालत असाल. मी वर वापरली ती ही शेवटची. एक पट्टी धरा, तीच ठेवा, दुसरीच्या आकड्याशी तुलना करू नका, आणि पहिले काही दिवस आकड्याआधी प्रतिज्ञा म्हणा. नुसता आकडा नवीन माणसाला नीट देता येत नाही, विशेषतः ग्रुपमध्ये. तिघी जरा पुढे गेल्या की आपण ७ वर असूनही मनात ५ म्हणतो. प्रतिज्ञेचं "पण" कुठे येतं ते पाच-सहा वेळा अनुभवलं की मग आकडा आपोआप बरोबर यायला लागतो, मग रोज म्हणायची गरज नाही.

ग्रुपमध्ये बोलणं आपोआप होतंच की, मग टॉक टेस्ट रोजच होते, असं वाटेल. होत नाही. चौघींत एक बोलते आणि तिघी "हो ना", "काय सांगतेस", "अगंबाई" करतात. "अगंबाई" आठव्या आकड्यावरसुद्धा निघतं. बोलणाऱ्या मैत्रिणीची टेस्ट होते, ऐकणारीची नाही, म्हणून तुमची पाळी आली की सलग तीन-चार वाक्यं बोला, सासूबाईंचा किस्सा पूर्ण सांगा. दुसरी चूक म्हणजे वेग वाढवल्या वाढवल्या बोलून बघणं. श्वास उशिरा पोचतो, पहिल्या मिनिटाला तर कुणालाही बोलता येतं, म्हणून ते तीन मिनिटं. आणि एका दमात घोकंपट्टीने सगळी प्रतिज्ञा उरकायची हुशारी पण नको, वाक्य संपलं की श्वास घ्यायचा, वर्गात म्हणायचो तसंच.

येऊरच्या चढाचं वेगळं सांगते कारण उपवनला जाणाऱ्याला तो मोह होतोच. तिथे सपाटीवरचा वेग नेला की एक मिनिटात तुम्ही आठवर. चढावर वेग विसरा, आकडा तोच ठेवा, ५, मग पावलं इतकी छोटी होतील की बाजूने एखादे आजोबा पुढे जातील, जाऊ दे. चढावर अजून एक होतं, पोटऱ्या आधी पेटतात आणि श्वास ठीक असतो. पायाचा आकडा ७ आणि श्वासाचा ५ असं असेल तर सुरुवातीला पायाचं ऐका, दोन-तीन आठवड्यांत पाय सवयीचे होतात आणि मग श्वास आधी बोलायला लागतो.

हवेचं पण तसंच. जानेवारीच्या पहाटे जी तिसरी पायरी आहे ती ऑक्टोबर हीटमध्ये चौथी होते, शरीर अंग गार करायला रक्त कातडीकडे वळवतं, दमट हवेत घाम वाळत नाही, त्याच वेगाला जास्त श्रम पडतात. अशा वेळी तळ्याला फेरी मारायला दीड मिनिट जास्त लागलं तर ते बिघडलंय असं नाही. रात्री झोप झाली नसेल, पाळी असेल, दोन दिवस ताप येऊन गेला असेल, सगळ्यांत आकडा वर सरकतो आणि तो खराच वर असतो. कानात गाणी मात्र उलटं करतात, हळू चालण्यात आकडा एकाने कमी वाटतो, म्हणून टेस्टच्या दिवशी इअरफोन घरी. चहा-कॉफी पिऊन गेलात तरी तसंच थोडं.

ही टेस्ट जिथे चालत नाही ते पण सांगून टाकते. दमा असेल, सर्दीने नाक-छाती भरली असेल तर बोलणं आधीच अडतं, तिथे हद्द खोटी दिसते. अर्ध्या-एक मिनिटाच्या जोरदार झटक्यांना चालत नाही, श्वास मागून येतो. ट्रेडमिलवर दांडा धरून चालत असाल तर बोलता येईल पण त्याचा अर्थ काही नाही, दांडा सोडा मग म्हणा. आणि गुडघा दुखतोय हे प्रतिज्ञेला कळत नाही. छातीवर दाब, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, यात टेस्टबिस्ट काही नाही, थांबायचं, बसायचं, सोबतच्या माणसाला सांगायचं आणि लगेच हॉस्पिटल. तुमचं वय आणि बीपी बघता चढ सुरू करायच्या आधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन या असं मी म्हणेन, घाबरवायला नाही, चढावर नेमकं किती चालेल ते त्यांच्याकडून ऐकून घ्यायला.

पुढच्या सहा आठवड्यांचं असं करा. आठवड्यात पाच दिवस, अर्धा तास, तिसऱ्या पायरीवर, मध्ये न थांबता. पहिल्या आठवड्यात तुम्हाला हे फार सोपं वाटेल आणि मैत्रिणी पुढे जातील, वाटेल आपण काहीच करत नाही, तसं वाटू दे. पळायचं अजिबात नाही असं नाही, पळताना प्रतिज्ञा होत असेल तर पळा, बहुतेक होणार नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून, डॉक्टर हो म्हणाले असतील तर, पाचातला एक दिवस चढाचा. दहा मिनिटं सपाटीवर, मग चढावर दोन मिनिटं ७ च्या आकड्याने, म्हणजे तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागेल असं, मग उतरताना चौथं वाक्य न तुटता येईपर्यंत हळू. किती मिनिटं लागली ते महत्त्वाचं नाही, वाक्य आलं की परत चढा. असं चार वेळा, सुरुवातीला तीन केले तरी बास. इथे दोन मिनिटांच्या आत टॉक टेस्ट पुरती पोचत नाही म्हणून चढताना आकड्याने जा आणि उतरताना प्रतिज्ञेने.

सुधारणा कळायला घड्याळ लागतंच, पण ते फोनमधलं साधं चालेल. तळ्याच्या ज्या झाडापासून किंवा बाकापासून सुरुवात करता तिथून परत तिथे, आकडा ५ वर, किती मिनिटं लागली ते महिन्यातून दोनदा लिहून ठेवा, साधारण सारखं हवामान असलेल्या दिवशी. आकडा तोच आणि वेळ कमी झाली की स्टॅमिना वाढला. काकूंची डिसेंबरमधली चौथी पायरी फेब्रुवारीच्या शेवटी तिसरी झाली होती, "विविधतेने नटलेल्या परंपरांचा" सरळ आलं, त्या स्वतःच थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. म्हटलं थांबू नका, चाला.

घड्याळ घ्यायचंच असेल तर फी भरून झाल्यावर घ्या की, त्याला माझी ना नाही, पावलं आणि वेळ मोजायला चांगलं असतं. घेतलंत तर आधी ही टेस्ट करून "पण" आलं तेव्हा घड्याळ किती ठोके दाखवतंय ते बघा आणि तुमची हद्द तो आकडा धरा, त्याने स्वतः काढलेले रंग बाजूला ठेवून.

राहिला तो तिसरा मजला. त्याने तुम्ही स्वतःला मोजताय हे मला पटत नाही. तीन मजले चढायला मिनिटभर पण लागत नाही, आणि जिना हा चांगला दणकट व्यायाम आहे, त्यात हातात पर्स, डबा, कोथिंबिरीची पिशवी. रोज पळणाऱ्या माणसालाही वरती पोचल्यावर धाप लागते, कारण श्वास उशिरा येतो, तो नेमका तुमच्या दाराशी येऊन पोचतो. धाप लागली की नाही ते बघू नका, किती वेळ टिकली ते बघा. दारात उभं राहून किल्ली शोधताना मनात नाही, ओठांवर, चौथं वाक्य म्हणा आणि ते न तुटता कधी येतं ते बघा. आज किल्ली सापडून, दार उघडून, चपला काढून, पाणी पिऊन झाल्यावर येत असेल. सहा आठवड्यांनी परत बघा आणि मला कळवा, चपला काढेपर्यंत आलं की नाही.